तीन वर्षांसाठी डॉलरचा भाव कसा धरायचा? टॉवेलच्या कोटेशनचा प्रश्न

यंत्रमागकर (सोमवार, रात्री ९:४०)

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टेरी टॉवेलचे माग आहेत, वडिलांपासूनचा धंदा. आजवर माल चाटी गल्लीतले व्यापारी आणि मुंबईचा एक निर्यातदार यांच्यामार्फत जायचा. यंदा पहिल्यांदाच अमेरिकेतला एक खरेदीदार थेट बोलतोय. हॉटेलांना टॉवेल पुरवणारा आहे. त्याची अट अशी की किलोमागे डॉलरमध्ये एकच भाव सांगा, तीन वर्षं तो बदलायचा नाही.

आज आमची पडतळ किलोला ४७० रुपये आहे. सूत, रंगाई, मजुरी, वीज, पॅकिंग, भाडं सगळं धरून. भाव ६ डॉलर सांगितला आणि हिशेबाला सोपा म्हणून डॉलर ८५ धरला, तर ५१० रुपये हातात येतात. ४० सुटतात. आज ठीक आहे, पण तिसऱ्या वर्षी काय?

भाचा एम.कॉम.ला आहे. तो म्हणाला, "मामा, रिलेटिव्ह पीपीपी लावा. दोन देशांच्या महागाईतला फरक काढला की डॉलर वर्षाला किती हलेल ते कळतं." त्यानं ४ मधून २ वजा करून २ टक्के काढले. मला दोन गोष्टी उमगेनात. हे २ टक्के डॉलर वाढणार की घटणार? आणि महागाईचे आकडे मागच्या वर्षाचे घ्यायचे की पुढच्या?

---

निवृत्त_फॉरेक्स (सोमवार, रात्री १०:२५)

मालक, भाच्यानं सूत्र बरोबर सांगितलंय. पीपीपी म्हणजे क्रयशक्तीची समता, दोन्ही देशांत पैशाला सारखाच माल मिळावा हा विचार. मी बँकेच्या परकीय चलन खात्यात बरीच वर्षं काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दिशा लक्षात ठेवायला सूत्र पाठ करायची गरज नाही. ज्या देशात महागाई जास्त, त्याचा पैसा घरातच जास्त वेगानं झिजतो, म्हणून बाहेरही तोच उतरतो. आपली महागाई ४ आणि त्यांची २ असेल तर रुपया उतरणार, म्हणजे डॉलर रुपयांत महाग होणार. तुमचा डॉलर ८५ चा वर जाईल.

किती वर जाईल ते असं काढा:

८५ × १.०४ ÷ १.०२ = ८६.६७

नेमका बदल १.९६ टक्के आला. वजाबाकीनं २ आला होता. आकडे लहान असतात तोवर वजाबाकी चालते. तीन वर्षांसाठी हाच गुणाकार तीनदा करा, साधारण ९०.१० येतो.

महागाई मात्र पुढचीच घ्यायची, कारण अंदाज पुढचा आहे. मागच्या वर्षाचा आकडा फक्त मागे काय व्हायला हवं होतं ते सांगतो. पुढच्या तीन वर्षांसाठी दोन्हीकडच्या मध्यवर्ती बँकांची लक्ष्यं हा सर्वांत साधा आधार आहे. रिझर्व्ह बँकेचं ४ टक्के, खाली-वर २ ची मोकळीक. अमेरिकेच्या फेडचं २ टक्के. भाच्यानं तेच घेतलेले दिसतात, चांगलं केलं.

---

चाटीगल्ली (सोमवार, रात्री १०:५०)

मग अडचण काय उरली? डॉलर ८५ चा ९० होणार असेल तर मालक निर्धास्त ६ डॉलर सांगून टाका की. आपल्याकडे महागाई वाढली तर तेवढा डॉलर वाढून भरपाई होतेच, त्यासाठीच तर हा नियम आहे. ठरलेला भाव म्हणजे गिऱ्हाईक तीन वर्षं बांधलेलं. असं गिऱ्हाईक सोडू नका. पूर्व भागात किती माग बंद पडलेत ते रोज बघतो मी.

---

निवृत्त_फॉरेक्स (मंगळवार, सकाळी ७:१०)

चाटीगल्ली, गिऱ्हाईक सोडू नये हे मलाही मान्य. पण भरपाई पूर्ण होते हे खरं नाही. धंदा नेमका इथंच फसतो, म्हणून मालकांचेच आकडे घेऊन दाखवतो.

समजा पीपीपी तीन वर्षं अगदी तंतोतंत लागू पडलं. आपली महागाई ४, त्यांची २, डॉलर तिसऱ्या वर्षाअखेर ९०.१०. पडतळही महागाईइतकीच, म्हणजे वर्षाला ४ टक्क्यांनी वाढली. ४७० चे ५२८.७० झाले. भाव ६ डॉलरच ठेवलाय, त्याचे ५४०.६० आले. सुटले किती? जेमतेम १२ रुपये. आज ४० सुटतात.

नियम पाळला गेला, तरी २८ रुपये गेले. कारण विनिमय दर फक्त फरक भरून देतो, पूर्ण महागाई नाही. तुमची पडतळ ४ नं वाढते, डॉलर २ नं वाढतो. उरलेले २ म्हणजे अमेरिकेची स्वतःची महागाई. ती भरून यायची तर डॉलरमधला भावच वर्षाला २ टक्क्यांनी वाढायला हवा. तसा वाढवून बघा: ६ डॉलरचे तिसऱ्या वर्षी साधारण ६.३७ झाले, गुणिले ९०.१०, म्हणजे ५७३.७० रुपये. पडतळ वजा जाता ४५ सुटतात. आजच्या ४० मध्ये तीन वर्षांची ४ टक्के महागाई घातली की ४५ च होतात. म्हणजे तुम्ही आज जिथं आहात तिथंच राहिलात.

म्हणून खरेदीदाराला सांगा की भाव तीन वर्षांचा ठरवू, पण दरसाल अमेरिकेच्या ग्राहक किंमत निर्देशांकाइतकी वाढ त्यात असेल. त्याच्या देशात त्याचंही हॉटेलांचं बिल त्याच दरानं वाढणार आहे. मागणी अवाजवी नाही.

---

यंत्रमागकर (मंगळवार, दुपारी १:१५)

साहेब, हे वाचून जेवणावरचं लक्ष उडालं. मी तर डॉलर वाढला की आपला फायदा असंच धरून चाललो होतो. म्हणजे डॉलर महागाईच्या फरकाइतकाच वाढला तर आपल्याला काहीच मिळालं नाही?

---

निवृत्त_फॉरेक्स (मंगळवार, दुपारी १:४०)

काहीच नाही. रुपया महागाईच्या फरकापेक्षा जास्त उतरला तरच निर्यातदाराला खरा फायदा होतो, कमी उतरला तर तोटा. पेपरातला रुपया घसरल्याचा मथळा बघून ते कळत नाही, शेजारी दोन्ही महागाया मांडून बघावं लागतं.

---

माझी_लेक_ह्यूस्टनला (मंगळवार, सायंकाळी ६:०५)

मला वाटतं सगळ्यांचीच दिशा चुकते आहे. पीपीपीप्रमाणे डॉलर २० रुपयांच्या आसपास असायला हवा, हे मी स्वतः वाचलंय. सरकारी आकडा आहे, २०१७ साठी २०.६५ रुपये. मग ८५ चा ९० कसा होईल? आज ना उद्या डॉलर खाली येणारच. लेकीची फी पुढच्या दोन वर्षांत भरायची आहे, म्हणून मी डॉलर घ्यायचे थांबले आहे. थांबू ना?

---

गड्डा_यात्रा (मंगळवार, रात्री ८:३०)

ताई, कृपा करून त्या आकड्यावर फी थांबवू नका. आकडा खरा आहे, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, हा गोंधळ दर वर्षी होतो. २०.६५ म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जेवढ्या वस्तू आणि सेवा मिळतात, तेवढ्याच भारतात घ्यायला लागणारे रुपये. देशांची उत्पन्नं एका पातळीवर आणून तुलना करायला तो काढतात. त्या टोपलीत केस कापणं आहे, घरभाडं आहे, रिक्षा आहे. सात रस्त्यावरचा न्हावी ह्यूस्टनच्या माणसाची दाढी करू शकत नाही, त्यामुळे इथली स्वस्त दाढी डॉलरचा भाव खाली ओढत नाही. दोन पातळ्यांमधलं हे अंतर गरीब आणि श्रीमंत देशांत पिढ्यान् पिढ्या टिकतं.

मालकांचा प्रश्न पातळीचा नाही, बदलाचा आहे. अंतर आहे तसंच राहिलं तरी दोन्हीकडचे भाव वेगवेगळ्या वेगानं वाढले तर दर किती सरकेल, एवढंच सापेक्ष, म्हणजे भाच्याचं रिलेटिव्ह पीपीपी विचारतं. तुम्ही दिलेल्या आकड्याच्याच मालिकेत बघा: २०११ साठी तो १५.५५ होता आणि २०१७ साठी २०.६५. तोसुद्धा वरच गेलाय, कारण आपली महागाई जास्त होती.

---

माझी_लेक_ह्यूस्टनला (मंगळवार, रात्री ९:००)

बापरे. बरं झालं विचारलं. पहिल्या सत्राची रक्कम उद्याच पाठवते.

---

सुटे_भाग (मंगळवार, रात्री ११:२०)

माझा अनुभव उलटा आहे. मी मागांचे सुटे भाग बाहेरून आणतो, बिल डॉलरमध्ये. २०२२ च्या सुरुवातीला एका ओळखीच्या सल्लागारानं मला हेच गणित करून दिलं होतं. अमेरिकेत महागाई आपल्यापेक्षा जास्त वाढतेय, तेव्हा रुपया उलट मजबूत होईल, डॉलर आत्ताच बुक करू नका. मी नाही केला. वर्षभरात डॉलर ७४ वरून ८२ च्या पुढे गेला. दोन कंटेनरवर जे काही कमावलं असतं ते तिथंच गेलं, वर घरातलं घालावं लागलं. तेव्हापासून मला या सूत्राचं नाव काढलेलं आवडत नाही.

---

निवृत्त_फॉरेक्स (बुधवार, सकाळी ७:००)

तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं. सल्लागाराचं गणित बरोबर होतं, पण ते एका वर्षाला लावायचं नसतं.

२०२२ मध्ये आपली सरासरी किरकोळ महागाई ६.७ टक्के होती, अमेरिकेची ८. सूत्राप्रमाणे डॉलर एक-सव्वा टक्का स्वस्त व्हायला हवा होता. झाला अकरा टक्क्यांच्या आसपास महाग. चिन्हसुद्धा चुकलं. कारण त्या वर्षी दर वस्तूंच्या भावानं चाललाच नव्हता, पैशाच्या ओघानं चालला होता. फेडनं व्याजदर शून्याजवळून डिसेंबरपर्यंत सव्वाचार-साडेचारवर नेला. जगभरचा पैसा डॉलरकडे पळाला. युक्रेनच्या युद्धानं कच्चं तेल भडकलं आणि आपलं तेलाचं बिल डॉलरमध्येच असतं. वस्तूंचे भाव महिनोन् महिने घेऊन सरकतात, पैसा एका दिवसात सरकतो. एका वर्षाच्या खिडकीत पैसाच जिंकतो.

आता तीच खिडकी रुंद करा. २०१२ मध्ये डॉलरचा सरासरी भाव साधारण ५३.४० होता. २०१२ ते २०२२ या दहा वर्षांत आपला ग्राहक किंमत निर्देशांक १०० वरून १७२ च्या आसपास गेला, अमेरिकेचा २२९.६ वरून २९२.७ वर. म्हणजे आपले भाव १.७२ पट, त्यांचे १.२७५ पट. ५३.४० ला १.७२ नं गुणून १.२७५ नं भागा, ७२ येतात. प्रत्यक्षात २०२२ ची सरासरी साडेअठ्ठ्याहत्तरच्या जवळ होती. दरसालचा हिशेब केला तर सूत्र ३ टक्के म्हणत होतं, झाले जवळपास ४. दिशा बरोबर, अंतर बरंचसं बरोबर. आणि ही तुलना मी तुमच्याच वाईट वर्षावर आणून संपवलीय, २०२१ वर थांबलो असतो तर आकडे आणखी जवळ आले असते.

---

सुटे_भाग (बुधवार, सकाळी ९:४५)

दहा वर्षांनी बरोबर येणारा अंदाज मला पुढच्या कंटेनरला काय कामाचा?

---

चाटीगल्ली (बुधवार, सकाळी १०:१०)

त्यासाठी बँकेचा फॉरवर्ड आहे की. आणि फॉरवर्डचा दर म्हणजे तरी काय, हाच महागाईचा फरक. बँकेनं काढून दिलेला पीपीपी.

---

निवृत्त_फॉरेक्स (बुधवार, दुपारी १२:३०)

पहिलं वाक्य बरोबर, दुसरं अर्धं. फॉरवर्डचा प्रीमियम, म्हणजे आजच्या भावावरची भर, दोन देशांच्या व्याजदरांच्या फरकातून येतो, महागाईच्या नाही. व्याजदर आणि महागाई साधारण एकमेकांबरोबर चालतात म्हणून दोन्ही आकडे अनेकदा जवळ दिसतात. फेड व्याज चढवते तेव्हा हा प्रीमियम आकसतो, मग महागाई काहीही असो. शिवाय फॉरवर्ड हा अंदाज नसतो, तो व्यवहार असतो. तो दर आज बांधून मिळतो, डॉलर नंतर कुठंही जावो. सुटे_भाग, तुमच्या कंटेनरला तेच लागतं, सूत्र नाही.

मालकांसाठी मात्र दोन्हींची गरज आहे. येत्या वर्षाच्या मालाचा डॉलर फॉरवर्डनं बांधावा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी छोट्या उद्योगाला फॉरवर्ड परवडणारा मिळेलच असं नाही, तिथं सूत्राची रेघ आखून ठेवावी आणि दर सहा महिन्यांनी बाजार तिच्या किती वर-खाली आहे ते बघावं.

---

गड्डा_यात्रा (बुधवार, दुपारी ३:२०)

साहेबांच्या रेघेला एक धोका सांगतो. ती कुठून सुरू करता त्यावर सगळं अवलंबून असतं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया घाबरगुंडीत ६८ च्या पुढे गेला होता. त्या दिवसापासून रेघ आखली असती तर पुढची कित्येक वर्षं रुपया फारच मजबूत आहे असं वाटलं असतं. म्हणून हिशेबात धरलेले ८५ हे मुळात ठीक पातळीवर आहेत का, हे आधी विचारायला हवं. रिझर्व्ह बँक चाळीस देशांच्या चलनांशी तुलना करून, महागाई वजा करून एक निर्देशांक दर महिन्याला देते, त्याला रीअर म्हणतात. २०१५-१६ ला १०० धरलंय. तो १०० च्या बराच वर असेल तर रुपया त्या वर्षापेक्षा खऱ्या अर्थानं महाग आहे. मग पुढच्या काळात तो महागाईच्या फरकापेक्षा जास्त उतरण्याची शक्यता धरावी.

---

यंत्रमागकर (बुधवार, रात्री ९:१५)

सगळं दोनदा वाचलं. आता दोन प्रश्न राहिलेत.

एक, तुर्कस्तान. खरेदीदार सारखा डेनिझलीच्या टॉवेलचं नाव काढतो. तिथं लिरा कोसळलाय, त्यामुळे ते स्वस्त देतात म्हणतो. दुसरा, पडतळ ४ टक्क्यांनी वाढेल हे सगळ्यांनी धरलंय. आमची पडतळ म्हणजे निम्म्याहून जास्त सूत. २०२२ च्या मे महिन्यात कापूस खंडीला लाखाच्या वर गेला होता, तेव्हा महागाईचा सरकारी आकडा ७ होता आणि आमच्या सुताचा भाव त्याला विचारत नव्हता.

---

निवृत्त_फॉरेक्स (गुरुवार, सकाळी ८:००)

तुर्कस्तानाचं आधी, कारण तिथं वजाबाकी किती फसवते ते दिसतं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्यांची वार्षिक महागाई ६४ टक्के होती, आपली पावणेसहा. वजाबाकी करा, लिरा रुपयाच्या तुलनेत ५८ टक्के पडायला हवा असं येतं. भागाकार करा: १.०५७ भागिले १.६४ म्हणजे ०.६४, पडझड ३५-३६ टक्के. एवढ्या मोठ्या महागाईत भाच्याची वजाबाकी चालणार नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. त्या वर्षी लिरा रुपयासमोर प्रत्यक्षात वीस-एकवीस टक्केच पडला. म्हणजे लिरा कोसळला हे खरं, पण त्यांचे घरचे भाव त्याहून जोरात वाढले. मजुरी, वीज, भाडं यांत तुर्की टॉवेल आपल्या तुलनेत आधीपेक्षा महाग पडायला लागला, स्वस्त नाही. खरेदीदार लिरा कोसळल्याचं सांगतो, त्याला तिथली महागाई किती ते विचारा. आणि आजचे आकडे घेऊन हाच भागाकार स्वतः करून बघा.

---

गड्डा_यात्रा (गुरुवार, सकाळी ११:००)

सुताबद्दल मी साहेबांपेक्षा थोडा वेगळा बोलेन. ग्राहक निर्देशांकात आपल्याकडे बराच भाग खाण्यापिण्याचा आहे, २०१२ च्या मालिकेत तो ४५ टक्क्यांच्या वर होता. टोमॅटो महागला म्हणून मागाचा खर्च वाढत नाही. त्याच २०२२ च्या मे महिन्यात घाऊक महागाई १५ च्या वर होती, किरकोळ ७. कारखानदाराला घाऊक निर्देशांक जास्त जवळचा. मी विद्यार्थ्यांना दोन्ही घेऊन करून बघायला सांगतो, उत्तरं कधीकधी इतकी वेगळी येतात की कुठलं खरं ते सांगता येत नाही.

---

निवृत्त_फॉरेक्स (गुरुवार, दुपारी २:१०)

घाऊक घेतलात तर अमेरिकेचाही उत्पादक निर्देशांक घ्यावा लागेल, आणि दोन्हींची टोपली सारखी नसते. मी ग्राहक निर्देशांकच धरतो, कारण तीन वर्षांत मजुरी त्याच्याच मागे जाते. इथं आपलं एकमत होणार नाही.

मात्र कापूस वेगळा काढावा. कापूस जगाच्या बाजारात डॉलरमध्ये ठरतो. डॉलर वाढला की इथला कापूस आणि सूतही महागतं. म्हणजे डॉलर वाढण्याचा फायदा सुताच्या हिश्शापुरता तिथंच खर्चून जातो. माझं मत, सुताचा भाव करारात स्वतंत्र जोडावा. सूत अमुक टक्क्यांहून जास्त हललं तर भाव पुन्हा बसून ठरवायचा. उरलेल्या पडतळीला, म्हणजे मजुरी, वीज, रंगाईला महागाईची वाढ लावायची.

---

चाटीगल्ली (गुरुवार, सायंकाळी ५:३०)

एवढ्या अटी घातल्या तर गिऱ्हाईक डेनिझलीला जाईल. हिशेब बरोबर असून माग बंद राहिले तर काय करायचं?

---

यंत्रमागकर (शनिवार, रात्री १०:२०)

काल रात्री खरेदीदाराशी बोललो. भाचा शेजारी बसून आकडे सांगत होता.

दरसाल अमेरिकेच्या निर्देशांकाइतकी वाढ त्यानं ऐकली आणि सरळ नाही म्हणाला नाही. दीड टक्का ठरलेली वाढ देतो म्हणाला. निर्देशांकाला बांधायला तयार नाही. मी दीड धरून हिशेब केला, डॉलर रेघेवर राहिला तर तिसऱ्या वर्षी ३६-३७ सुटतात. ४५ ऐवजी ३६, पण १२ तरी नाहीत. सुताची अट लिहून पाठवा म्हणाला, तिचं उत्तर आलेलं नाही. तुर्की महागाईचा प्रश्न विचारल्यावर त्यानं विषय बदलला.

पहिल्या वर्षाच्या फॉरवर्डसाठी सोमवारी बँकेत जातोय. साहेब, अर्ध्या मालाचा बांधावा की पूर्ण, यावर तुमचं आणि चाटीगल्लींचं दोघांचंही मत हवंय.